गेटवर गर्दी नको, उंबऱ्यावर घाई नको



मुलं परदेशात आणि आपण अमरावती-अकोल्यात, असं आता आपल्या बऱ्याच घरांत झालं आहे. आणि मूल येणार असलं की घराघरात एकच प्रश्न: घ्यायला कोण कोण जायचं? माझं मत आज स्पष्टच सांगते. विमानतळावर एकानेच जावं, फार तर दोघांनी. हार, फुगे, फलक काही नेऊ नये. आणि खरं स्वागत घरी करावं, उजाडल्यावर, आलेलं माणूस जेवून झोपून उठल्यावर. हे मत मी ताईच्या घरच्या दोन स्वागतांवरून बनवलं आहे. एक फसलेलं होतं, एक जमलेलं.

ताई अकोल्याला असते, मी अमरावतीला. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात तिचा मुलगा, सून आणि अडीच वर्षांचा नातू तीन वर्षांनी येत होते. आखातात विमान बदलून नागपूरला उतरणार होते. आखातातून नागपूरला येणारी विमानं बहुधा मध्यरात्रीनंतर आणि पहाटेच्या आधी उतरतात. यांचं पहाटे तीनला होतं. अकोला ते नागपूर अडीचशे किलोमीटर. भाऊजींनी दोन गाड्या केल्या, आणि सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकून तेरा माणसं संध्याकाळी सहाला निघाली. मला बडनेऱ्याला उचललं, म्हणजे चौदा. झेंडूचे पाच हार, एक मोठा कापडी फलक, त्यावर "अभिनंदन आणि सुस्वागतम्". अकराला पोचलो. पुढचे पाच तास आम्ही बाहेरच्या थंडीत शाली घेऊन बसलो होतो. आत कोणाला सोडत नाहीत. तिकीट नसेल तर दारावरचा जवान अडवतोच, आणि ते बरोबरही आहे.

विमान तीनला उतरलं म्हणजे माणूस तीनला बाहेर येत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. उतरल्यावर पहिली रांग पासपोर्टची. मग सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहायचं. मग कस्टमचा रस्ता. सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवा, असेल तर लाल. लहान मूल कडेवर असेल, त्याचा जन्म तिकडचा आणि पासपोर्टही तिकडचा असेल, तर त्याचे कागद वेगळे तपासतात. सव्वा ते दीड तास धरूनच चालावं. बाहेरच्यांना हे माहीत नसतं. त्यांना वाटतं काहीतरी झालं, आणि ते फोन लावत सुटतात.

फोनही लागत नाही, त्याचं कारण साधं आहे. तीन वर्षं रिचार्ज न केलेलं इथलं सिम बंद पडलेलं असतं. तिकडचं सिम इथे चालू करणं महाग म्हणून मुलं ते बंद ठेवतात. विमानतळाचं फुकट वायफाय घ्यायला बहुतेक ठिकाणी मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, तो बंद सिमवर कसा येणार? तेव्हा भाऊजींनी चाळीसेक वेळा फोन लावला असेल. आता आम्ही वेगळं करतो. मूल मधल्या विमानतळावर असतं तेव्हा त्याला वायफाय मिळतं. तेव्हाच ठरवून टाकायचं: गाडी कुठे असेल, कोण उभं असेल, आणि आपला नंबर त्याने कागदावर लिहून खिशात ठेवायचा. नंतर फोन लागला नाही तरी कोणाचा जीव टांगणीला लागत नाही.

त्या रात्री यांची एक बॅग आलीच नाही. असं होतं, मधल्या विमानतळावर बॅग मागे राहते. पण त्यावर जे करायचं असतं ते पट्ट्यापाशीच, बाहेर पडण्याआधी. विमान कंपनीच्या माणसाकडे जाऊन बॅग आली नसल्याची तक्रार लिहून द्यायची, बोर्डिंग पासवर चिकटवलेली सामानाची पावती दाखवायची, आणि त्यांच्याकडून नोंदीचा क्रमांक असलेला कागद घ्यायचा. बॅग आली पण फुटलेली असेल तरी तिथेच सांगायचं, आणि सात दिवसांच्या आत लेखी कळवायचं. भाचा पट्ट्यापाशी उभा होता, कडेवर रडणारं पोर, आणि काचेपलीकडून चौदा माणसं हात हलवत होती, "ये, ये" करत होती. तो तक्रार न लिहिताच बाहेर आला. एकदा बाहेर आलं की परत आत जाता येत नाही. मग चार दिवस फोन आणि ईमेल, आणि बॅग मिळाली आठवड्याने. पोराचे सगळे गरम कपडे त्याच बॅगेत होते. चूक त्याची म्हणायची की आमची? मी तर आमचीच म्हणते. आपली घाई काचेतून आत जाते.

तो दाराबाहेर आला आणि हार पडले. पोराच्याही गळ्यात घातला. त्याने आम्हाला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. पहाटे साडेचारला, थंडीत, चौदा अनोळखी तोंडं एकदम जवळ आली आणि गळ्याला ओली फुलं लागली. ते जे घाबरून रडायला लागलं ते तळेगावपर्यंत थांबलं नाही. फुलांचं मी वेगळं सांगायला नको. मंदिरातसुद्धा पूजेला आपण केशरात रंगवलेले तांदूळ पुष्प म्हणून वाहतो, मग गाडीच्या टपावर वाळून जाणाऱ्या हारासाठी ती कशाला तोडायची?

पुढची गंमत, जी तेव्हा गंमत वाटली नाही. दोन गाड्यांत चौदा माणसं आणि दोन ड्रायव्हर, आणि आता आणखी तीन माणसं, तीन मोठ्या बॅगा आणि दोन हातातल्या. जागाच नव्हती. बॅग आली असती तर काय केलं असतं कोण जाणे. मोठी बॅग तेवीस किलोची असते. ती मांडीवर घेता येत नाही. सात सीटच्या गाडीची मागची रांग दुमडली तर तीन-चार मोठ्या बॅगा मावतात, आणि मग माणसांसाठी ड्रायव्हर सोडून चारच जागा उरतात. येणारे तीन असतील तर घ्यायला जाणारा एक. हा हिशेब घरी कागदावर करायचा, विमानतळाच्या दारात नाही. आम्ही पहाटे तिसरी गाडी शोधली.

आणि ड्रायव्हर. तो बिचारा आदल्या दिवशी सकाळपासून जागा होता. तळेगावच्या पुढे गाडी रस्त्याच्या कडेवर गेली, चाकाखाली खडखड झाली, सगळे ओरडलो, त्याने सावरलं. काही झालं नाही. पण तेव्हा सुनेच्या मांडीवर ते पोर होतं. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली त्याला आम्ही शेवटच्या दीडशे किलोमीटरात घालवणार होतो. तेव्हापासून आमचा नियम: रात्रीच्या विमानासाठी ड्रायव्हरने नागपुरात दुपारपासून झोपलेलं असलं पाहिजे. नाहीतर येणाऱ्याने उजाडेपर्यंत नागपुरातच थांबावं आणि मग निघावं. एका खोलीचं भाडं तिसऱ्या गाडीपेक्षा कमीच पडतं.

काही जणी विचारतात, आता बेलोऱ्याला विमान येतं, मग नागपूर कशाला? १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईचं विमान सुरू झालं, हे आपल्यासाठी फार मोठं आहे. पण परदेशातून येणाऱ्याने दोन गोष्टी पाहाव्यात. पासपोर्ट आणि कस्टम मुंबईतच होतं. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सगळं सामान तिथे हातात घेऊन पुन्हा द्यावं लागतं, म्हणून मध्ये भरपूर वेळ हवा. दुसरं, हे विमान लहान आहे, आणि देशातल्या तिकिटावर साधारण पंधरा किलोच सामान चालतं. तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन येणाऱ्याला जास्तीचे पैसे भरावे लागतात. सुरू झालं तेव्हा ते आठवड्यातून तीनच दिवस होतं, म्हणजे वारही जुळायला हवा. एकटं, कमी सामानाने येणाऱ्याला मात्र ते छानच.

आता घरचं. त्या दिवशी अकोल्याला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आदल्या संध्याकाळपासून आमच्यातलं कोणी काही खाल्लेलं नव्हतं. वाटेत पोर भुकेने रडत होतं, आणि गाडीत वाद झाला. सून म्हणाली, बिस्किट देते. मागून एक मोठ्या बाई म्हणाल्या, "अजून दिवस नाही उगवला." सुनेने हात मागे घेतला. ते मला अजून टोचतं. रात्रिभोजनाचा त्याग हा नियम आहे, आणि नियम घेणाऱ्याचा असतो. तो मी माझ्या ताटाला लावते. अडीच वर्षांच्या पोराने तो घेतलेला नाही, आणि तीन वेळा घड्याळ बदलून आलेल्या त्याच्या आईवर तो गाडीत बसून लादणं म्हणजे धर्म नव्हे, दरारा आहे. ज्या अहिंसेसाठी आपण रात्री जेवत नाही ती भुकेल्या पोराच्या बाबतीत कुठे जाते?

दारात ताटं तीन होती. ताईचं, तिच्या जावेचं आणि शेजारणीचं. भाकरतुकडा ओवाळून अंगणात टाकला, त्यावर मुंग्या आल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पडले. तीन वेळा कुंकू, तीन वेळा फोटो. पोर सुनेच्या खांद्यावर झोपलं होतं, त्याला फोटोसाठी जागं केलं. आणि मग उंबऱ्यावरच तो प्रश्न आला. शेजारच्या काकांनी मायेनेच विचारला, आपल्या वऱ्हाडी मोकळेपणाने: "मंग, वापस कधी जाऊन रायला बापा?"

भाचा हसला. काही बोलला नाही. दिवसभरात तोच प्रश्न त्याला दहा जणांनी विचारला.

चौथ्या दिवशी रात्री त्याने ताईला सांगितलं की परत जायचंच नाही. नोकरी गेली होती, दुसरी मिळाली नव्हती, घर मोडून आला होता. फोनवर सांगायचं धैर्य झालं नाही. समोर आल्यावर सांगू म्हणाला, आणि समोर आला तर "अभिनंदन" लिहिलेला फलक. ताई मला म्हणाली, "गेटवर मी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही गं. मी हार सरळ करत होते." त्यानंतर तो महिनाभर मंदिरातसुद्धा जात नव्हता, कोणीतरी विचारेल म्हणून. आता पुण्यात आहे, बरं चाललं आहे. पण तो महिना मी विसरत नाही.

येणारा माणूस काय घेऊन येतो ते आपल्याला माहीत नसतं. कोणी आजार घेऊन येतं, कोणी मोडलेलं लग्न, कोणी नुसताच थकवा. एक काळ होता, समुद्र ओलांडणाऱ्याला समाज जाब विचारायचा. १८९३ साली वीरचंद गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत आपल्या धर्माबद्दल बोलायला गेले, तर समुद्रापार गेले म्हणून आपल्यातल्याच काहींनी त्यांना विरोध केला होता. आता आपण जाब विचारत नाही, हार घालतो. पण "किती दिवस? पगार किती? वजन का वाढलं?" हा जाबच आहे, फक्त गोड आवाजात.

आता दुसरं स्वागत. मागच्या डिसेंबरात ताईची मुलगी, माझी भाची, चार वर्षांनी डब्लिनहून आली. विमान तसंच पहाटेचं. या वेळी आम्ही बसून ठरवलं. घ्यायला फक्त तिचे वडील गेले. दुपारीच नागपूरला गेले, ड्रायव्हर आणि ते दोघेही नातेवाइकांकडे झोपले आणि अडीचला विमानतळावर आले. बरोबर एक शाल आणि थर्मासमध्ये उकळलेलं पाणी. आपल्याकडे नुसत्या गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची. उकळलेलं पाणी मात्र चोवीस तास चालतं, म्हणून प्रवासाला तेच. भाऊजी स्वतः ते रात्री पिणार नव्हते, लेकीसाठी नेलं होतं. ती सव्वाचारला बाहेर आली, त्यांनी शाल दिली, बॅग हातात घेतली आणि एवढंच म्हणाले, "चल." ती नंतर मला म्हणाली, "मावशी, बाबांनी काहीच विचारलं नाही, म्हणून मला गाडीत झोप लागली."

सरळ अकोल्याला न नेता मध्ये आमच्याकडे थांबायचं ठरलं होतं. नागपूर-अमरावती तीन तास. साडेसातच्या सुमाराला गाडी दारात आली. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसातनंतर उगवतो. त्यापुढे दोन घडी, म्हणजे तेच ४८ मिनिटं, धरली की सात-चाळीस. भाऊजींचा नियम राहिला आणि लेकीला थांबावंही लागलं नाही. गरम मुगाचं धिरडं, ताजं दही, आणि ज्वारीची भाकर-मेथी. रात्री करून ठेवलेलं आमच्याकडे चालत नाही, म्हणून मी साडेसहाला चूल पेटवली. फार प्रकार केले नाहीत. रात्रभर विमानातलं खाल्लेल्या पोटाला पुरणपोळी नको असते. जेवून ती दुपारी दोनपर्यंत झोपली, आणि मग आम्ही अकोल्याला निघालो.

अकोल्यात ताईने एकच ताट केलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. दुपारचं ऊन होतं. हेही मला महत्त्वाचं वाटतं. रात्री दारात दिवा घेऊन उभं राहिलं की पाखरं ज्योतीवर येतात. स्वागत दिवसा केलं की तो दोषच राहत नाही. विमान रात्री पोचलंच तर दारात नुसतं कुंकू-अक्षता लावून आत घ्यावं, ओवाळणं सकाळी. भाकरतुकडा टाकला नाही. एका पेल्यातलं पाणी पायांवर घातलं, डोळ्यांना ओला हात लावला. मंदिरातून सकाळच्या अभिषेकाचं गंधोदक वाटीत आणून ठेवलं होतं, ते तिच्या कपाळाला लावलं. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं, पण या वेळी ती लेकीच्या तोंडाकडे पाहत होती. शेजाऱ्यांना तिने दुसऱ्या दिवशी चारला चहाला बोलावलं होतं, आणि आधीच हात जोडून सांगितलं होतं, "वापस कधी, ते विचारू नका."

त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत आम्ही सगळ्या जेवायला बसलो. पावणेपाच झाले होते. भाचीने ताटाला हात लावला नाही. म्हणाली, "आई, एक सांगू? मी तिकडे रात्री जेवते. हिवाळ्यात चारनंतर अंधार पडतो आणि ऑफिस साडेपाचला सुटतं. दोन वर्षं डबा घेऊन जाऊन तीन वाजता जेवायचा प्रयत्न केला, मग सोडलं. तुला सांगायची भीती वाटत होती." तो विषय तिने चार वर्षं फोनवर काढला नव्हता.

मला वाटलं ताई आता रागावणार. ताईचा चेहरा उतरला, खरं सांगते. रात्रीचं पाणीही न घेणारी बाई ती. पण ती जरा थांबली आणि म्हणाली, "इथे आहेस तोवर माझ्याबरोबर जेव. तिथलं तुझं तू ठरव. सुट्टीच्या दिवशी जमलं तर बघ." भाचीने भाकरीचा तुकडा मोडला. आता ती शनिवार-रविवार दिवसाच जेवते, असं मला फोनवर सांगते. मी विचारत नाही, तीच सांगते.

गेटवर चौदा जण असते, दारात तीन ताटं असती, आणि मागून कोणी "अजून दिवस नाही उगवला" म्हणालं असतं, तर तिने हे सांगितलं असतं का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी तुमच्याकडे कोणी येणार असेल तर गाडीतल्या जागा मोजा, ड्रायव्हरला झोपू द्या, पाणी उकळून घ्या, आणि एकालाच पाठवा. ताट घासूनपुसून ठेवा, पण उजाडू द्या. ओवाळताना निरांजनाकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त पाहा.

जय जिनेंद्र.